पाचवे वाचन की कोरा कागद: उजळणीत अधिक काय टिकते

प्रश्न: मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करतोय. राज्यव्यवस्थेचं पुस्तक चार वेळा वाचून झालंय. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण सराव चाचणीत दोन पर्यायांत अडकतो. पुस्तक मिटून आठवून लिहायला लागलो तर निम्मंसुद्धा आठवत नाही आणि वेळही दुप्पट जातो. पाचव्यांदा वाचू की हे लिहिणं चालू ठेवू? आठवून केलेलं जास्त टिकतं म्हणतात, ते का?

उत्तर: लिहिणे चालू ठेवा आणि पाचवे सलग वाचन सध्या बाजूला ठेवा. गेली बावीस वर्षे मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना राज्यव्यवस्था शिकवतो आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत चार-पाच जण नेमकी हीच तक्रार घेऊन येतात. पहिल्या काही वर्षांत मी स्वतः विद्यार्थ्यांना "आणखी एकदा वाचून काढा" असेच सांगत असे, आणि त्या सल्ल्याने कित्येकांचे महिने वाया गेले याची मला आजही खंत आहे. त्यामुळे हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या अनुभवातील विसंगती पाहू. वाचताना सगळे येते आणि लिहिताना निम्मेही येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या क्षमता आहेत. समोर आलेले वाक्य ओळखीचे वाटणे ही एक क्षमता आणि समोर काही नसताना तेच वाक्य मनातून बाहेर काढणे ही दुसरी. चार वाचनांत तुम्ही पहिली क्षमता उत्तम कमावली आहे. दुसरीचा सराव तुम्ही कोरा कागद घेतला तेव्हा प्रथमच सुरू झाला, म्हणून तो जड जातो आहे.

या विषयावरील एक प्रयोग मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण त्यातील आकडे विद्यार्थ्यांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सूर्य, समुद्री पाणमांजर अशा विषयांवरचे छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी सात मिनिटे वाचून पुन्हा सात मिनिटे वाचले. काही उतारे सात मिनिटे वाचले आणि पुढची सात मिनिटे उतारा समोर न ठेवता जेवढे आठवेल तेवढे कागदावर लिहिले. लिहिलेले बरोबर की चूक, हे त्यांना कोणी सांगितले नाही. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेल्या उताऱ्यांतील ८१ टक्के भाग आठवला आणि आठवून लिहिलेल्यांतील ७५ टक्के. म्हणजे लगेच मोजले तर वाचनच सरस ठरले. दोन दिवसांनी मोजले तेव्हा चित्र उलटले: वाचन ५४ टक्के, आठवून लिहिणे ६८ टक्के. आठवड्याने वाचन ४२ आणि आठवून लिहिणे ५६.

त्याच अभ्यासातील दुसरा प्रयोग तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. त्यात एका गटाने चार सत्रे केवळ वाचन केले, तर दुसऱ्या गटाने एक सत्र वाचन करून उरलेली तीन सत्रे आठवून लिहिण्यात घालवली. पहिल्या गटातील विद्यार्थ्यांचे उतारा वाचणे सरासरी १४ वेळा झाले होते आणि दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांचे साडेतीन वेळाही झाले नव्हते. आठवड्यानंतर १४ वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि साडेतीन वेळाही न वाचणाऱ्यांना ६१ टक्के. अभ्यास संपताच दोन्ही गटांना "आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?" असे विचारले होते, तेव्हा अधिक खात्री वाचणाऱ्यांनाच वाटली होती. माझ्या मते या साऱ्या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्या पद्धतीने कमी टिकते, तीच पद्धत अभ्यास करताना अधिक समाधान देते. त्यामुळे अभ्यासिकेतून रात्री दहाला बाहेर पडताना "आज छान झाले" असे वाटले की नाही, यावरून पद्धत निवडू नये.

आता हे असे का होते ते पाहू. पुस्तक वाचताना आठवण्याचे काम तुमच्याऐवजी पान करत असते. शीर्षक, कलमाचा क्रमांक, आधीचे वाक्य, तुम्ही ओढलेली पिवळी रेघ या साऱ्या खुणा पुढचे वाक्य तुमच्यापुढे आणून ठेवतात आणि मनाला शोधावे असे काही लागतच नाही. माझे विद्यार्थी अनेकदा सांगतात, "सर, ते डाव्या पानावर खाली, चौकटीत होते एवढे आठवते, पण चौकटीत काय होते ते आठवत नाही." ही अगदी अचूक तक्रार आहे. पानाची खूण मनात पक्की झाली, कारण प्रत्येक वाचनात ती समोर होती. त्या खुणेशिवाय आशयापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र कधी वापरलीच गेली नाही. परीक्षेच्या सभागृहात पान नसते, तिथे खूण एकच असते आणि ती म्हणजे प्रश्न. जे आठवायचे ते प्रश्नापासून सुरुवात करून वारंवार शोधलेले असेल, तरच ती वाट तिथे सापडते.

रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९२ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. कोणतीही गोष्ट स्मरणात असते तेव्हा तिच्या दोन बाजू असतात, असे ते म्हणतात. ती किती खोल रुजली आहे ही एक बाजू आणि या क्षणी ती किती सहज वर येते ही दुसरी. पहिल्या बाजूला रुजवण आणि दुसरीला सुलभता म्हणू. आताच वाचलेल्या गोष्टीची सुलभता खूप असते, पण ती झपाट्याने ओसरते. या मांडणीतील मुख्य मुद्दा असा की, सुलभता जितकी जास्त असताना तुम्ही तीच गोष्ट पुन्हा वाचता किंवा आठवता, तितकी रुजवणीत पडणारी भर कमी. आणि सुलभता ओसरल्यावर, थोडे कष्ट घेऊन ती गोष्ट वर काढता आली, तर पडणारी भर जास्त. एक प्रकरण संपवून लगेच तेच पुन्हा चाळल्याने आज संध्याकाळी ते ताजे राहते, पण पुढच्या महिन्यासाठी फारसे काही जमा होत नाही. तुम्हाला लिहिताना जो अडखळलेपणा जाणवतो, तो त्या जमेचाच भाग आहे, अर्थात शेवटी उत्तर सापडले किंवा लगेच तपासून घेतले तर.

तुमच्याच विषयातील एक प्रकरण घेऊन हे करून पाहू: राष्ट्रपती, कलम ५२ ते ६२. हे प्रकरण एकदा नीट, समजून वाचा. त्यानंतर लगेच लिहायला बसू नका. मेसमध्ये जेवून या किंवा दुसऱ्या विषयाचा तासभर अभ्यास करा. मग पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर "राष्ट्रपतीची निवडणूक" आणि "महाभियोग" एवढेच दोन शब्द लिहून त्यांखाली जे येईल ते पूर्ण वाक्यांत लिहा. चार वाचने झालेल्या विद्यार्थ्याच्या कागदावर महाभियोगाखाली साधारणपणे असे उतरते: "१४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. दोन तृतीयांश बहुमत लागते. दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो." आणि पेन थांबते.

यात चुकीचे काही नाही, पण परीक्षेत नेमके जे विचारले जाते ते यात नाही. आता पुस्तक उघडा आणि दुसऱ्या रंगाच्या पेनाने उणिवा भरा. नोटीस लेखी असते आणि ज्या सभागृहात आरोप मांडला जातो त्याच्या एकूण सदस्यसंख्येपैकी किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या तिच्यावर लागतात; हे सुटले होते. दोन तृतीयांश बहुमत हे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश असते, उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या नव्हे. हे लिहिलेले अर्धवट होते. आरोप संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येतो, त्याची चौकशी दुसरे सभागृह करते आणि आधार फक्त संविधानभंगाचा असतो. हेही सुटले होते. दुसऱ्या रंगात उतरलेल्या या ओळी म्हणजेच तुमची खरी उजळणी. पूर्ण प्रकरण पुन्हा वाचायला पाऊण तास लागला असता, एवढ्या ओळी वाचायला पाच मिनिटे पुरतात. वेळ दुप्पट जातो असे तुम्ही म्हणता ते पहिल्या फेरीपुरते खरे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत हिशेब फिरतो, कारण जे येते ते पुन्हा वाचण्यात वेळ जात नाही.

यानंतरचे काम म्हणजे त्या उणिवांचे प्रश्न बनवणे, आणि प्रश्न कसा बनवता यावर बरेच अवलंबून असते. "कलम ६१ मध्ये काय आहे?" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याचे उत्तर "महाभियोग" एवढ्या एका शब्दाने संपते. त्याऐवजी असे विचारा: राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नाही, पण महाभियोगात मात्र आहे, असे सदस्य कोणते? उत्तर आहे, संसदेचे नामनिर्देशित सदस्य. याच्या उलट, निवडणुकीत मत आहे पण महाभियोगात सहभाग नाही असे कोण? राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य, आणि त्यांच्यासोबत दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांचे निर्वाचित सदस्य. तुम्ही दोन पर्यायांत अडकता त्या प्रश्नांकडे आता पुन्हा पाहा. "निर्वाचित", "नामनिर्देशित", "विधानसभा" हे सगळे शब्द चार वाचनांत ओळखीचे झाले आहेत, म्हणून दोन्ही पर्याय ओळखीचे वाटतात आणि ओळखीवरून निवड करता येत नाही. हे दोन प्रश्न पुस्तक मिटून तीन-चार वेळा सोडवलेला विद्यार्थी तिथे अडत नाही, कारण दोन्ही यादींतील फरक त्याने स्वतः शोधून काढलेला असतो.

आकड्यांच्या बाबतीतही पाठ केलेले उत्तर आठवण्यापेक्षा ते काढण्याची रीत आठवणे अधिक टिकाऊ असते. महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, हे वाचून लक्षात राहते आणि महिन्याभरात उत्तर प्रदेशच्या आकड्यात मिसळून जाते. कोऱ्या कागदावर ते असे काढा: १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, तिला विधानसभेच्या २८८ निर्वाचित जागांनी भागायचे, आलेल्या संख्येला १,००० ने भागायचे, उत्तर १७५.०४, म्हणजे १७५. लोकसंख्येचा पूर्ण आकडा पाठ करण्याची गरज नाही, सुमारे पाच कोटी चार लाख एवढे पुरते. या रीतीत १९७१ हे वर्ष, "निर्वाचित" हा शब्द आणि हजाराने भागणे या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून राहतात; एक आठवली की बाकीच्या दोन येतात.

फेऱ्यांमधील अंतराबद्दल मी विद्यार्थ्यांना सांगतो ते वेळापत्रक साधे आहे: पहिले लेखन त्याच दिवशी तासाभराच्या अंतराने, दुसरे दोन दिवसांनी, तिसरे आठवड्याने, चौथे तीन आठवड्यांनी. हे आकडे अनुभवातून बसवलेले आहेत, त्यांत एक-दोन दिवस इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. कसोटी अशी ठेवा की आठवताना थोडे थांबावे लागले पाहिजे, पण बहुतेक उत्तरे सापडली पाहिजेत. न थांबता सगळे धडाधड आले तर पुढचे अंतर वाढवा. एक तृतीयांशही आले नाही तर अंतर जास्त झाले आहे किंवा मुळात प्रकरण समजलेले नाही. अशा वेळी लेखन थांबवून पुन्हा वाचनाकडे जा.

विद्यार्थी या पद्धतीत चुकतात ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे आठवून झाल्यावर तपासून न पाहणे. जी उत्तरे तुम्हाला आठवली, ती पक्की होतात. जी आठवली नाहीत, त्यांना त्या फेरीचा काहीही लाभ मिळत नाही, आणि जी चुकीची आठवली, ती चुकीचीच पक्की होण्याचा धोका असतो. माझ्याकडे एक अत्यंत मेहनती विद्यार्थी होता, जो संध्याकाळी मेसपासून अभ्यासिकेपर्यंत चालताना दिवसाचे प्रकरण मनातल्या मनात म्हणत असे. सवय उत्तम होती, पण परत आल्यावर तो पुस्तक उघडून पाहत नसे. महाभियोगाला "उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश" असे त्याने इतक्या वेळा मनात म्हटले होते, की बरोबर नियम सांगितल्यावरही पुढच्या दोन चाचण्यांत त्याच्या हातून तोच पर्याय निवडला गेला. मनातल्या मनात आठवण्यात आणखी एक अडचण अशी की "हो, हे येते" असे म्हणून मन पुढे सरकते आणि वाक्य पूर्ण होतच नाही. म्हणून लिहा, किंवा निदान एखाद्या मित्राला पूर्ण वाक्यांत तोंडी सांगा आणि त्याच्या हातात पुस्तक द्या.

दुसरी चूक म्हणजे एकदा बरोबर आले की तो प्रश्न कायमचा बाजूला काढणे. याच कार्पिकी आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. काही गटांत एकदा बरोबर आठवलेला शब्द पुढच्या फेऱ्यांतून पुन्हा विचारलाच गेला नाही, काही गटांत तो विचारणे चालू ठेवले. आठवड्यानंतर, ज्यांना विचारणे चालू ठेवले होते त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणे थांबवले होते त्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. एकदा आठवलेला शब्द पुढेही वाचायला देत राहिल्याने मात्र फरक पडला नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांतून "झाले" म्हणून काढलेली चिठ्ठी फेकू नका; ती तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर येईपर्यंत गठ्ठ्यात राहू द्या.

वाचनाला पूर्ण फाटा द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही. पहिले वाचन तर लागतेच, आणि न समजलेले आठवण्याचा आटापिटा केला तर ती नुसती घोकंपट्टी होते. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांच्यातील संघर्षासारखे प्रकरण, जिथे न्यायालयीन निर्णयांची साखळी समजून घ्यावी लागते, ते दोनदा किंवा तीनदा वाचावे लागले तर त्यात गैर काही नाही. फक्त दोन वाचनांच्या मध्ये एकदा कागद घ्या, म्हणजे दुसरे वाचन कुठे संथ करायचे ते आधीच कळलेले असेल. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचन वापरायलाही माझी हरकत नाही. वर सांगितलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर वाचनच पुढे होते. उद्या सकाळी जे लागणार आहे आणि परवा विसरले तरी चालणार आहे, अशा याद्या आणि क्रमांक त्या दिवशी नजरेखालून घालणे योग्यच आहे. राज्यसेवेच्या तयारीत तुम्हाला तीच राज्यव्यवस्था मुख्य परीक्षेलाही लागणार आहे, म्हणून मूळ अभ्यास त्यावर उभा करता येणार नाही.

बहुपर्यायी सराव चाचण्यांबद्दल एक सूचना करून थांबतो. त्यांतही आठवणे घडते, पण पर्याय आधी वाचले की ते पुन्हा ओळखण्याचे काम होऊन बसते. चाचणी सोडवताना पर्यायांवर हात किंवा पट्टी ठेवा, प्रश्न वाचून उत्तर आधी समासात दोन-तीन शब्दांत लिहा आणि मगच पर्याय उघडा. "खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?" अशा प्रश्नांत प्रत्येक विधान स्वतंत्र प्रश्न समजून त्याच्यापुढे कारणासह बरोबर किंवा चूक लिहा. तपासताना, उत्तर बरोबर आले पण समास रिकामा होता, असे प्रश्न वेगळ्या खुणेने नोंदवा आणि चुकलेल्या प्रश्नांबरोबर तेही चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात घाला. पहिल्या दोन चाचण्या या रीतीने सोडवायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागेल, त्यामुळे त्या घड्याळ न लावता सोडवा.